विमान किंवा हॉटेलचं बुकिंग रद्द केलं तर हातात किती येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आमचं तिकिटांचं छोटं काउंटर आहे. पाचोरा, एरंडोल, चोपडा, यावल, पार शिरपूरपर्यंतची माणसं इथे येतात. तिकीट काढताना फार कोणी काही विचारत नाही. रद्द करायची वेळ आली की मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, कितला पैसा परत भेटतीन?" त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण हिशोब समजला तर तो घरी बसून कागदावर मांडता येतो. खालच्या उदाहरणांतले भाड्याचे आणि शुल्काचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या तिकिटावर असतील, रीत मात्र हीच.

आम्ही ५,८०० रुपये भरले. कापणी या ५,८०० वर होते का?

नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. केळीची किंवा कापसाची पट्टी आपण कशी वाचतो? आधी मालाचा भाव बघतो, मग हमाली, तोलाई, इतर कपात बघतो आणि शेवटी हातात काय येतं ते. तिकीटही तसंच वाचायचं. एकूण रकमेच्या पोटात चार-पाच वेगळ्या रकमा असतात आणि रद्द करताना प्रत्येकीला वेगळा नियम लागतो.

मुंबई ते कोची असं एका माणसाचं एका बाजूचं तिकीट धरू. मूळ भाडं ४,२०० रुपये आणि इंधन अधिभार ४००, म्हणजे विमान कंपनीचं भाडं झालं ४,६००. त्यावर इकॉनॉमी वर्गाचा ५ टक्के जीएसटी २३० रुपये. विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क मिळून ६२०. बेरीज झाली ५,४५०. ज्या पोर्टलवरून तिकीट काढलं त्याने वर ३५० रुपये कन्व्हिनियन्स फी घेतली, म्हणून कार्डावरून ५,८०० गेले.

यातले ४,६०० हे कंपनीचे आणि कापणी त्यातूनच होते. ६२० हे विमानतळाचे. तुम्ही गेलाच नाहीत तर ते ठेवून घेण्याचा हक्क कंपनीला नाही. ३५० रुपये पोर्टलने बुकिंगच्या सेवेचे घेतले, ते बहुतेक वेळा परत येत नाहीत. लोक हिशोब ५,८०० पासून सुरू करतात आणि मग कोणीतरी जास्त कापले असं वाटून मनस्ताप करून घेतात. तो ५,४५० पासून सुरू करायचा.

शुल्क वेळेप्रमाणे बदलतं म्हणजे नेमकं कसं?

कंपनी प्रवासाच्या आधीच्या काळाचे टप्पे पाडते. देशांतर्गत विमानांत साधारण दोन टप्पे दिसतात: उड्डाणाला तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर कमी शुल्क आणि त्याच्या आत आलं की जास्त. त्यानंतर एक शेवटची वेळ असते, उड्डाणाच्या काही तास आधीची. ती उलटली की तिकीट रद्दच करता येत नाही आणि तुम्ही 'नो-शो' धरले जाता, म्हणजे आलाच नाहीत असं.

आपल्या उदाहरणापुरतं असं धरू की चार दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर ३,००० रुपये आणि चार दिवसांच्या आत, उड्डाणाच्या तीन तास आधीपर्यंत, ४,००० रुपये. हे शुल्क दर माणशी आणि दर बाजूला असतं. चौघांचं जाण्या-येण्याचं तिकीट असेल तर ते आठ वेळा लागतं. फॅमिली बुकिंग एका पीएनआरवर असलं की शुल्कही एकदाच लागेल असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही.

मग ३,००० कापले तर ५,४५० मधून २,४५० यायला हवेत ना? १५० कमी का आले?

कारण रद्द शुल्कावरही जीएसटी लागतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. मूळ सेवेवर ज्या दराने कर, त्याच दराने रद्द शुल्कावर. इकॉनॉमीचं तिकीट असेल तर ५ टक्के. बिझनेस वर्गाला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के दर आहे, म्हणून तिथे शुल्कावरही १८.

हिशोब असा मांडायचा. भाडं ४,६००, त्यावरचा कर २३० आणि विमानतळाचे ६२० असे ५,४५० आधी पूर्ण जमा बाजूला लिहायचे. मग शुल्क ३,००० आणि त्यावरचा कर १५० असे ३,१५० वजा करायचे. उरले २,३००. दुसऱ्या टप्प्यात शुल्क ४,००० आणि कर २०० म्हणजे ४,२०० जातील आणि उरतील १,२५०. नो-शो झालात तर सगळं ४,६०० भाडं त्याच्या करासह जाईल आणि हातात फक्त विमानतळाचे ६२० येतील.

काही कंपन्या शुल्काचा आकडा करासह छापतात, काही कर वेगळा लावतात. तक्त्याखाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. तेवढी ओळ वाचा.

"चार दिवस आधी" म्हणजे कुठून मोजायचं?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे, कारण आपल्याकडच्या माणसांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

समजा विमान १२ नोव्हेंबरला सकाळी ६:१० ला आहे. आपण बोटं मोजतो, बारातून चार गेले आठ, म्हणजे ८ तारखेला दिवसभर कधीही रद्द केलं तरी चालेल. पण कंपनी तासांनी मोजत असेल तर चार दिवस म्हणजे ९६ तास, आणि ते उड्डाणाच्या वेळेपासून मागे मोजायचे. म्हणजे टप्पा ८ तारखेला पहाटे ६:१० लाच संपतो. ८ तारखेला दुकान उघडल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात तर तो कधीच गेलेला असतो. सकाळचं विमान असं अख्खा दिवस खाऊन टाकतं. हेच विमान संध्याकाळी सातचं असतं तर ८ तारीख तुमच्या हातात राहिली असती.

काही ठिकाणी तास न मोजता तारखा मोजतात. आपल्या तिकिटाला कोणती रीत लागू आहे हे कळेपर्यंत दोन्हींतली आधीची वेळ धरा, म्हणजे फसायला होत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. जळगाव किंवा भुसावळहून मुंबईचं सकाळचं विमान गाठायचं तर आदल्या रात्रीच्या गाडीने निघावं लागतं. त्यामुळे घरात सगळे "११ तारखेला निघायचं आहे" असंच बोलत असतात आणि मोजणी ११ तारखेपासून होते. अशी मोजलेली मुदत खऱ्या मुदतीच्या आधी पडते, म्हणून नुकसान होत नाही, पण कधी कधी "मुदत संपली" असं समजून माणसं रद्दच करत नाहीत. मोजायचं ते तिकिटावरच्या विमानाच्या वेळेपासून, घरातून निघण्याच्या वेळेपासून नाही.

एकदा माझ्याच हातून ही चूक झाली आहे. एरंडोलच्या एका गिऱ्हाइकाचा रात्री साडेदहाला फोन आला. तिकिटं रद्द करायची होती आणि मी म्हणाले, "सकाळी करते, अजून मुदत आहे." विमान पहाटेचं होतं. सकाळी नऊला यंत्रणेवर बघते तर टप्पा बदललेला. फरकाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. तेव्हापासून रद्द करायचा फोन आला की मी आधी उड्डाणाची वेळ विचारते आणि मगच बाकीचं बोलते.

एखादा पूर्ण हिशोब दाखवाल का?

पाचोऱ्याचं एक कुटुंब होतं, काका, काकू आणि आजी. कोचीचं जाण्याचं तिकीट त्यांनी घरूनच एका पोर्टलवर काढलं होतं, वर धरलेल्याच दराचं. तिघांचे ५,४५० प्रमाणे १६,३५० आणि पोर्टलची फी १,०५० असे १७,४०० भरले. विमान १२ तारखेला सकाळी ६:१० चं. ७ तारखेला संध्याकाळी आजी ओट्यावरून घसरल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स-रे बघून सांगतो म्हटलं होतं. काका तोवर थांबायच्या विचारात होते.

आम्ही कागद घेतला. रात्रीच रद्द केलं तर माणशी २,३०० प्रमाणे तिघांचे ६,९००. दुसऱ्या दिवशी दुपारी केलं तर माणशी १,२५० प्रमाणे ३,७५०. म्हणजे एका रात्रीच्या थांबण्याची किंमत ३,१५० रुपये. पोर्टल रद्द करण्याचे स्वतःचे माणशी ३०० घेत होतं. ते दोन्हीकडे सारखेच जाणार होते, म्हणून तुलनेत धरायचे नाहीत, पण शेवटच्या आकड्यात धरायचे. रात्री रद्द करून हातात ६,००० येणार होते, दुसऱ्या दिवशी २,८५०.

आजी बऱ्या असत्या आणि तिकीट रद्द करून बसलो असतो तर? तेही बघितलं. त्याच विमानाचं तिकीट त्या रात्री मूळपेक्षा बरंच महाग दिसत होतं, म्हणजे पुन्हा काढणं परवडलं नसतं. खरा निर्णय पैशाचा नव्हताच, आजी या पायाने चार दिवसांत विमानात बसू शकतील का, याचा होता. काकूंनीच तो दिला. रात्री नऊच्या आत रद्द केलं.

परतीचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर होतं आणि १६ तारखेचं होतं. त्याचा टप्पा स्वतंत्र मोजला जातो, म्हणून त्याची घाई केली नाही. एक्स-रे आल्यावर रद्द केलं आणि तेही कमी शुल्काच्या टप्प्यातच बसलं. दोन्ही बाजू एकाच पीएनआरवर असत्या तरी शुल्क बाजूनिहायच लागलं असतं. पण तिथे एक धोका असतो. जाण्याच्या विमानाला नुसतं गेलाच नाहीत, तर बऱ्याच कंपन्या परतीची जागाही काढून टाकतात.

स्वस्तातलं तिकीट होतं. भाड्यापेक्षा रद्द शुल्कच जास्त दिसतंय. उलट आम्हालाच पैसे भरावे लागतील का?

नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, २०१६ पासून नियम आहे की रद्द शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडं २,४०० असेल आणि तक्त्यात शुल्क ३,००० असेल तर २,४०० च जातील. विमानतळाचे पैसे तरीही परत मिळायला हवेत. ऑफरमधल्या 'नॉन-रिफंडेबल' तिकिटालाही हे लागू आहे, आणि हे पैसे परत करण्यासाठी कंपनीला वेगळं शुल्क घेता येत नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. भाडं पहिल्या टप्प्याच्या शुल्कापेक्षाच कमी असेल तर टप्पा चुकण्याची भीती उरत नाही. पहिल्या टप्प्यातही भाडं सगळं जाणार आणि दुसऱ्यातही तेवढंच. जळगावच्या विमानतळावरून छोट्या विमानाची कमी भाड्याची तिकिटं काढली असतील तर असं होऊ शकतं. अशा वेळी घाईने रद्द करू नका, जायचं की नाही हे शांतपणे ठरवा. पोर्टलचं रद्द करण्याचं शुल्क विमानतळाच्या परताव्याएवढंच असेल तर हातात काही येणार नाही, हेही आधी बघून घ्या.

गाडी उशिरा झाली आणि विमान चुकणार हे दिसतंय. काय करायचं?

रेल्वेच्या उशिराशी विमान कंपनीला देणंघेणं नसतं. ती तुम्हाला नो-शोच धरते. पण नाशिकला गाडी दोन तास उभी आहे आणि विमान मिळणार नाही हे दिसत असेल तर हातातल्या मोबाइलवर रद्द करण्याची शेवटची वेळ गेली तर नाही ना, ते बघा. आपल्या उदाहरणात ६:१० च्या विमानासाठी ती ३:१० होती. ३:०५ ला रद्द केलं तर माणशी १,२५०, आणि ३:१५ झाले तर ६२०. त्याच वेळी पुढच्या विमानाला तिकीट बदलून घेण्याचा भावही बघा. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून नव्या तिकिटापेक्षा कमी होत असेल तर बदलून घेणं बरं.

घाटात रेंज नसते. हे सगळं इगतपुरीच्या आधीच करून टाका.

काल रात्री तिकीट काढलं, आज तारीख चुकल्याचं लक्षात आलं.

बुकिंगनंतर थोडा वेळ विनाशुल्क रद्द करण्याची मुभा डीजीसीएच्या नियमात आहे, मात्र प्रवास काही दिवस लांब असावा लागतो. ही मुदत किती तासांची आणि प्रवास किती दिवस लांब हवा, हे तिकीट काढताना कंपनीच्या पानावर लिहिलेलं असतं. तिकीट हातात आलं की लगेच नावं, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ तपासा. बारा-तेरा तारखेच्या मध्यरात्रीचं १२:३० चं विमान असेल तर दोनदा तपासा. जास्तीत जास्त चुका त्यातच होतात.

कंपनीनेच विमान रद्द केलं तर?

तर हा सगळा तक्ता बाजूला ठेवायचा. तुम्हाला दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं एक निवडण्याचा हक्क आहे. घाईने स्वतः 'रद्द' बटण दाबू नका, कारण मग ते तुम्ही रद्द केल्याचं दिसू शकतं आणि शुल्क लागू शकतं. कंपनीच्या संदेशातल्या दुव्यावरून किंवा हेल्पलाइनवरून पूर्ण परतावा मागा.

पैसे कधी येतात? पोर्टल म्हणतं 'क्रेडिट'मध्ये ठेवले.

क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटाला ७ दिवसांची मुदत आहे. पोर्टल किंवा आमच्यासारख्या एजंटकडून काढलं असेल तर पैसे आधी एजंटच्या खात्यात येतात आणि मग तुमच्याकडे, म्हणून जास्त वेळ लागतो. पण एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, पैसे ठेवायचे की नाही, हे प्रवासी ठरवतो. तुम्ही होकार दिला नसेल तर पैसेच मागा. दाद लागली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. तक्रारीत नुसतं "पैसे कमी आले" असं लिहू नका. वर मांडला तसा हिशोब लिहा, एकूण किती, कापले किती, यायला हवे होते किती. आकडे मांडलेल्या तक्रारीला टाळणं अवघड जातं.

हॉटेललाही हेच नियम का?

नाही. हॉटेलसाठी डीजीसीएसारखी वरची मर्यादा कोणी घातलेली नाही. बुकिंगच्या वेळी जी अट मान्य केली, तीच चालते. म्हणून हॉटेल शंभर टक्केही कापू शकतं.

टप्पे साधारण असे असतात: अमुक दिवसांपर्यंत मोफत, मग एका रात्रीचं भाडं, मग सगळं. याच कुटुंबाची मुन्नारची खोली धरू. दोन रात्री, रात्रीचे ३,५०० आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७,३५०. (रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १८, हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा.) अट होती सात दिवसांपर्यंत मोफत, त्यानंतर ४८ तासांपर्यंत एक रात्र, मग पूर्ण. पाच दिवस आधी रद्द केलं, म्हणून एक रात्र ३,५०० आणि तिचा कर १७५ गेला, या हिशोबाने परत यायचे ३,६७५.

पण त्यांनी बुकिंग करताना ५०० रुपयांचं कूपन लावलं होतं, म्हणजे प्रत्यक्षात भरले होते ६,८५०. कापणी सवलतीच्या आधीच्या भाड्यावर झाली आणि कूपन परत आलं नाही, म्हणून हातात ३,१७५ आले. काकांना वाटलं ५०० रुपये कोणी खाल्ले. ते खाल्ले नव्हते, ते त्यांनी भरलेच नव्हते. कूपन लावलं असेल तर हिशोब खिशातून गेलेल्या रकमेपासून सुरू करायचा.

हॉटेलचे ४८ तास कुठून मोजायचे?

हॉटेलच्या चेक-इनच्या वेळेपासून, तुम्ही पोहोचणार त्या वेळेपासून नाही. तुम्ही रात्री नऊला पोहोचणार असलात तरी चेक-इन दुपारी २ ची असेल तर दोन दिवस आधीच्या दुपारी २ ला मुदत संपते. परदेशातलं हॉटेल असेल तर तिथलं घड्याळ धरतात. बँकॉकच्या दुपारच्या २ म्हणजे आपले साडेबारा, म्हणून तिथली मुदत आपल्या आधी संपते. दुबईची उलट, आपले साडेतीन वाजेपर्यंत.

'पे अ‍ॅट हॉटेल' असेल तर काही कापलं जाणार नाही असं समजू नका. कार्डाचा तपशील दिलेला असेल तर हॉटेल त्यावरून एक रात्र वसूल करू शकतं. आणि फोनवर मॅनेजर "काही हरकत नाही, नाही घेत चार्ज" म्हणाला तर त्याच फोनवर त्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा, बुकिंग क्रमांकासह. पोर्टलवरून केलेल्या बुकिंगला हॉटेलची लेखी संमती मिळाल्याशिवाय पोर्टल शुल्क सोडत नाही.